फरशीखालच्या हीटिंगचे थंड लूप: वाटणी चुकली आहे की गाळ अडकला आहे?

प्रश्न: आमच्याकडे फरशीखालचं हीटिंग आहे, मॅनिफोल्डवर, म्हणजे पाणी वाटणाऱ्या दांड्यांवर, फरशीतल्या पाइपांचे पाच लूप. सुरुवातीला छान चालायचं. आता बैठकीच्या खोलीत खिडकीकडची बाजू कोमट राहते, झोपायची खोली तर थंडच असते. बाथरूममध्ये मात्र फरशी नको इतकी तापते. प्लंबरने पंपाचा वेग वाढवून दिला, काही फरक नाही. फ्लो मीटरच्या काचा काळ्या पडल्या आहेत. सगळी सिस्टीम फ्लश करावी लागेल का?

उत्तर:

पंपाचा वेग आधी होता तिथे परत आणा. वेग वाढवला की सगळ्याच लूपमधला प्रवाह साधारण एकाच प्रमाणात वाढतो, वाटणी तशीच राहते. बाथरूमचा लूप आखूड, त्यामुळे तिथे पाण्याला अडथळा कमी. जास्तीचं पाणीही आधी तिकडेच जाणार. बॉयलरचं किंवा मिक्सिंग व्हॉल्व्हचं तापमान वाढवायचा मोहही आवरा. राहत्या खोलीत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो आणि लाकडी फरशी असेल तर बहुतेक उत्पादक २७ अंशांवरच थांबायला सांगतात. थंड लूपसाठी तापमान चढवलं तर जे लूप चांगले चालले आहेत तेच ही मर्यादा ओलांडतील.

तुमच्या दोन थंड जागांचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. खोली थंड राहण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात. एक तर पाणी त्या लूपमधून जाऊ शकतं, पण बाकीचे लूप ते आधीच ओढून घेतात. नाहीतर पाणी त्यातून जाऊच शकत नाही. पहिल्याला बॅलन्सिंग, म्हणजे पाण्याची वाटणी नीट करणं, लागतं, दुसऱ्याला सफाई. गाळाने तुंबलेला लूप बॅलन्स करत बसलात तर बाकीच्या खोल्या बिघडतील, आणि नुसती वाटणी चुकली असताना फ्लशिंग केलंत तर दिवसभराच्या मेहनतीनंतर खिडकीकडची बाजू कोमटच राहील. त्यामुळे आधी ही दोन कारणं वेगळी करायची.

मॅनिफोल्डसमोर बसून पहिलं काम म्हणजे आहे ती स्थिती लिहून ठेवणं. सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट वर करा, म्हणजे सगळे ॲक्च्युएटर, लूपचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारे भाग, उघडतील. बहुतेक ॲक्च्युएटरमध्ये तापून फुगणारं मेण असतं, त्यामुळे पूर्ण उघडायला काही मिनिटं लागतात, तेवढं थांबा. दोन ॲक्च्युएटर बंद असताना घेतलेले आकडे निरुपयोगी असतात, कारण त्यांचं पाणी तेव्हा उरलेल्या लूपमध्ये गेलेलं असतं. एकेक थर्मोस्टॅट खाली-वर करून कोणता ॲक्च्युएटर हलतो तेही पाहून घ्या. झोपायच्या खोलीचा थर्मोस्टॅट अभ्यासिकेच्या ॲक्च्युएटरला जोडलेला असणं हे वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त वेळा सापडतं.

मग प्रत्येक लूपचा फ्लो मीटर वाचा आणि प्रत्येक रिटर्न पाइपचं तापमान घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर पाइपावर काळ्या, चमक नसलेल्या टेपचे दोन वेढे द्या आणि टेपवर नेम धरा. चकचकीत पितळेवर किंवा स्टीलवर तो हमखास कमी आकडा दाखवतो. तुमच्या काचा काळ्या पडल्या आहेत, म्हणून तापमानावर जास्त विश्वास ठेवा. गाळाने आतला निर्देशक चिकटतो, मग मीटर शून्य दाखवतो आणि पाइप मात्र गरम असतो. कधी याच्या उलटही होतं.

तुमच्यासारख्याच पाच लूपच्या एका घराचे आकडे देतो, म्हणजे पुढचं सगळं त्यावर समजावता येईल. पाइप नेहमीचा १६ मिमीचा, आतून १२ मिमी. सप्लाय ४२ अंश. बाथरूमचा लूप ४५ मीटर, प्रवाह मिनिटाला २.२ लिटर, रिटर्न ४० अंश. अभ्यासिका ६५ मीटर, १.८ लिटर. बैठकीची दाराकडची बाजू ९५ मीटर, १.४ लिटर. खिडकीकडची बाजू १०० मीटर, ०.७ लिटर, रिटर्न २८ अंश. झोपायची खोली ७२ मीटर, निर्देशक शून्याच्या जरासा वर, रिटर्न २१ अंश, म्हणजे जवळजवळ खोलीच्याच तापमानाचा.

बाथरूमचं पाणी ४२ अंशांनी जातं आणि ४० अंशांनी परत येतं, म्हणजे ते फारसं गार न होताच घाईने फिरून येतं. खिडकीकडच्या लूपमध्ये चौदा अंशांची घट आहे, म्हणजे पाणी इतकं सावकाश चाललं आहे की पहिल्या अर्ध्या पाइपातच त्यातली बरीचशी उष्णता निघून जाते. पाइप नागमोडी टाकलेला असेल तर हे पायाला स्पष्ट कळतं, एक बाजू गरम आणि दुसरी कोमट लागते. गोगलगायीसारखा गोल टाकला असेल तर जाणारा आणि येणारा पाइप शेजारी-शेजारी असतात, मग सगळी फरशीच सारखी कोमट लागते. तुमच्याकडे एकच बाजू कोमट आहे, म्हणजे तो लूप चालू आहे, त्याला पाणी कमी पडतं आहे.

आता निर्णायक चाचणी. बाकीचे चारही लूप बंद करा, फक्त संशयित लूप पूर्ण उघडा आणि पंप चालू ठेवा. आता पंपाचा सगळा दाब त्या एकाच लूपवर आहे. शंभर मीटरच्या निरोगी लूपमधून अशा वेळी मिनिटाला दोन-अडीच लिटर तरी सहज जायला हवेत. त्या घरात खिडकीकडचा लूप एकटा उघडल्याबरोबर ०.७ वरून २.६ वर गेला. म्हणजे त्यात गाळाचा अडथळा नव्हता. मीटर फिरवून प्रवाह कमी-जास्त करता येतो, आणि कोणीतरी त्याचा मीटर अर्धवट बंद केला होता आणि आखूड लूप मोकाट सोडले होते. झोपायच्या खोलीचा लूप एकटा उघडूनही निर्देशक जेमतेम हलला. खरा अडथळा तिथे होता. प्रत्येक संशयित लूपवर हे दहा मिनिटांत होतं आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातूनच मिळेल. जो लूप एकटा असतानाही वाहत नाही, सफाईची गरज त्याला आहे.

मात्र पाइपात हात घालण्याआधी व्हॉल्व्हची पिन बघा. ॲक्च्युएटर फिरवून काढला की खाली धातूची बारीक पिन दिसते. लाकडाच्या तुकड्याने दाबली की ती तीन-चार मिलिमीटर आत जाऊन स्प्रिंगने लगेच वर यायला हवी. उन्हाळाभर बंद राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये ती आत चिकटून बसते आणि लूप बंदच राहतो. लाकडाने हलके दाबत आणि बाजूने टिचक्या मारत ती सुटी करा. पकडीने वर ओढू नका, ती बाहेर आली तर मागोमाग दाबाखालचं पाणी येईल. पिन नीट हलत असेल आणि तरी पाणी जात नसेल, तरच अडथळा लूपमध्ये, व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी किंवा मीटरमध्ये आहे. हवा अडकली असेल तर निर्देशक थरथरतो, पाइपात गुळगुळ आवाज येतो. तीही फ्लशिंगमध्येच निघते, तिच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

गाळ पंपाने का निघत नाही हे समजलं की फ्लशिंग कसं करायचं ते आपोआप कळतं. मिनिटाला दीड लिटर वाहताना या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला साधारण २२ सेंटिमीटर असतो. एवढ्या वेगाला बारीक काळा गाळ तळाशी बसून राहतो. तो उचलून बाहेर न्यायला वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास लागतो, म्हणजे एका लूपमधून मिनिटाला सुमारे सात लिटर. हीटिंगचा छोटा पंप एवढं कधीच देत नाही, पण नळाचा दाब एका लूपपुरतं सहज देतो. पाचही लूप एकदम उघडे ठेवून नळी लावली तर तेच पाणी पाच ठिकाणी वाटलं जातं, त्यातलंही बहुतेक मोकळ्या लूपमधून निघून जातं आणि तुंबलेला लूप होता तसाच राहतो. म्हणून फ्लशिंग नेहमी एका वेळी एकाच लूपचं.

बॉयलर आणि पंप बंद करून पाणी गार होऊ द्या. मॅनिफोल्ड आणि बॉयलर यांच्यामधले दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर निघालेला गाळ बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसेल. तो तिथून काढणं फार अवघड आणि महाग असतं. सप्लायच्या दांडीवरच्या भरण्याच्या तोटीला नळाची नळी लावा, रिटर्नच्या दांडीवरच्या तोटीला दुसरी नळी लावून ती बादलीत सोडा. नळाकडच्या बाजूला उलट-प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह हवाच. हीटिंगमधलं पाणी पिण्याच्या पाण्यात जायची शक्यता एक क्षणही ठेवायची नाही, आणि काम झालं की नळी काढून टाकायची. सिस्टीममध्ये अँटिफ्रीझ घातलेलं असेल तर पहिलं पाणी गटारात न सोडता डब्यात जमा करा. मॅनिफोल्डवरच्या दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवा, तीन बारच्या वर जाऊ देऊ नका.

फक्त तुंबलेला लूप उघडा आणि दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. या पाइपात दर मीटरला ०.११ लिटर पाणी मावतं, त्यामुळे ७२ मीटरच्या लूपमध्ये आठ लिटर असतं. पहिल्या बादलीत लूपचं सगळं जुनं पाणी बाहेर येतं. त्या घरात पहिल्या बादलीला चार मिनिटांहून जास्त लागले आणि पाणी शाईसारखं काळं होतं. मग ड्रेनची तोटी काही सेकंद बंद, मग झटकन उघडी, असे झटके देत राहिलो. पाणी थांबतं, दाब वाढतो, सोडल्यावर एकदम धावतं, आणि त्या धक्क्याने तळाचा गाळ सुटतो. थोड्या वेळाने काळी ढेकळं आली, मग प्लास्टिकचा एक पातळ वळसा आला. पाइप कापताना आत पडलेली कात्रण होती ती. व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकून तिने गाळाला बसायला जागा करून दिली होती. त्यानंतर बादली ८० सेकंदांत भरली. ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन बघा. स्वच्छ दिसलं तरी आणखी दोन-तीन बादल्या जाऊ द्या आणि झटके देऊनही पाणी गढूळ होत नाही याची खात्री करा. मगच पुढच्या लूपकडे जा.

तरी सुटत नसेल तर पाणी उलट दिशेने ढकलून बघता येतं. पण आधी फ्लो मीटरला उलटा प्रवाह चालतो का ते मॅनिफोल्डच्या माहितीपत्रकात पाहा. सगळ्यांना चालत नाही. काळ्या काचाही माहितीपत्रक पाहूनच उघडून पुसा. काही मीटर लूप बंद केल्यावर निघतात, काहींसाठी सगळा दाब सोडावा लागतो.

पहिली बादली ओतून देऊ नका. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात फिरवा. काळे कण पिशवीला मिशांसारखे चिकटले तर तो मॅग्नेटाइट आहे, म्हणजे सिस्टीममधलं लोखंड गंजतं आहे. काहीच चिकटलं नाही, आणि गाळ तपकिरी, बुळबुळीत, घाण वास येणारा असेल, तर तो जिवाणूंचा थर आहे. फरशीचं पाणी तीस-चाळीस अंशांचं असतं आणि ते तापमान जिवाणूंना मानवतं. मॅग्नेटाइट पाण्याच्या वेगाने बराचसा निघतो. जिवाणूंचा थर मात्र पाइपाच्या भिंतीला धरून बसतो, त्याला फरशीच्या हीटिंगसाठी असलेलं क्लीनर आणि जंतुनाशक रसायन डब्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत फिरवून मग पुन्हा फ्लश करावं लागतं.

मॅग्नेटाइट निघाला असेल तर प्राणवायू कुठून येतो ते शोधा, नाहीतर काही वर्षांत पुन्हा हेच करायची वेळ येईल. बंद सिस्टीममध्ये एकदा भरलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकरच संपतो आणि गंज थांबतो. दाब सारखा पडतो म्हणून तुम्ही वरचेवर पाणी भरत असाल तर दर वेळी ताजा प्राणवायू आत घालत आहात. तेव्हा आधी गळती शोधा. दुसरी शक्यता पाइपाची. जुन्या प्लास्टिक पाइपांना प्राणवायू अडवणारा थर नसायचा, त्यामुळे प्राणवायू पाइपाच्या भिंतीतून सतत आत झिरपतो. पाइपावरचा छापील मजकूर मॅनिफोल्डपाशी वाचता येतो, त्यात असा थर आहे का ते कळतं. थर नसेल तर कायमचा उपाय एकच: प्लेट हीट एक्स्चेंजर बसवून फरशीचं पाणी बॉयलरच्या पाण्यापासून वेगळं करणं आणि फरशीच्या बाजूला लोखंडी भाग न ठेवणं. थर असेल तर गंजरोधक रसायन आणि बॉयलरच्या आधी रिटर्नवर चुंबकीय फिल्टर एवढं पुरतं. सफाईनंतर पहिल्या महिन्यात तो फिल्टर लवकर-लवकर उघडून साफ करा, सुटलेला उरलासुरला गाळ तिथेच येतो.

आता बॅलन्सिंग. हे फ्लशिंगच्या आधी करून उपयोग नाही, कारण गाळ निघाला की सगळे आकडे बदलतात. प्रत्येक लूपला किती पाणी हवं ते साध्या हिशोबाने निघतं:

मिनिटाला लिटर = वॉट ÷ (७० × सप्लाय आणि रिटर्नमधला फरक)

बॉयलर असेल तर फरक सात अंश धरा, हीट पंप असेल तर पाच. त्या घरात बैठकीच्या प्रत्येक लूपवर १४ चौरस मीटर फरशी होती, चौरस मीटरला ६० वॉट धरले की ८४० वॉट होतात. भागिले ४९०, म्हणजे १.७ लिटर. झोपायची खोली ५०० वॉट, १ लिटर. अभ्यासिका ४५० वॉट, ०.९ लिटर. बाथरूम ३२० वॉट, जेमतेम ०.६५ लिटर, आणि तिथे वाहत होते २.२ लिटर. म्हणजे सगळ्यात कमी गरज असलेला लूप गरजेच्या तिपटीहून जास्त पाणी ओढत होता. घराच्या उष्णतेचा हिशोब कागदावर असेल तर त्यातले वॉट घ्या. नसेल तर असा अंदाज सुरुवातीला चालतो, चूक पुढे रिटर्नच्या तापमानात दिसतेच.

सगळे लूप पूर्ण उघडा, ॲक्च्युएटर काढून ठेवा म्हणजे मध्येच कुठला बंद होणार नाही. पंप स्थिर दाबाच्या मोडवर, खालच्या पायरीवर ठेवा. सगळ्यात लांब लूप, इथे खिडकीकडचा, पूर्ण उघडाच राहू द्या. सुरुवात बाथरूमपासून करून आखूड लूप एकेक करून हिशोबाच्या आकड्यावर आवळत या. एक आवळला की बाकीचे चढतात, म्हणून शेवटपर्यंत गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. दोन-तीन फेऱ्यांत आकडे स्थिर होतात. शेवटी लांब लूपला १.७ मिळत नसतील तर पंप एक पायरी वर, जास्त मिळत असतील तर एक पायरी खाली, आणि पुन्हा एक फेरी. पंपाचा वेग बदलायची योग्य वेळ ही, आणि बदलायचा तो लांब लूपच्या आकड्याकडे बघून.

मग हात बांधून बसा. सहा-सात सेंटिमीटर जाडीचा स्क्रीड, म्हणजे पाइपांवरचा सिमेंटचा थर, तापून स्थिर व्हायला पूर्ण दिवस घेतो. तासाभराने फरशीवर हात ठेवून मीटर फिरवत राहिलात तर कालच्या बदलाचा परिणाम आज दिसेल आणि तुम्ही आज भलतंच काही बदलून बसाल. चोवीस तासांनी, सगळे लूप उघडे असतानाच, टेप लावलेल्या जागी रिटर्न मोजा. बॉयलर असेल आणि सप्लाय ४२ असेल तर सगळे ३४ ते ३६ च्या दरम्यान हवेत. ज्याचा रिटर्न जास्त गार त्याला ०.२ लिटर वाढवा, जास्त गरम असेल त्याचे तेवढेच कमी करा आणि पुन्हा एक दिवस थांबा. रिटर्न सारखे झाले तरी एखादी खोली नको इतकी गरम किंवा गार वाटली, तर त्या एकाच लूपमध्ये हाच छोटा बदल करा. काम झालं की अंतिम आकडे प्रत्येक लूपच्या नावासह मॅनिफोल्डच्या दारावर आतून चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी मीटर फिरवले तर लगेच कळेल.

एक मर्यादा सांगून ठेवतो. फ्लशिंगमध्ये पाणी अगदी स्वच्छ येतं, पण बादली भरायला चार मिनिटंच लागत राहतात, झटक्यांनी आणि उलट्या दिशेनेही बदल होत नाही, पिन आणि मीटरही साफ आहेत, तर फरशीखाली पाइप दुमडलेला किंवा चेपलेला आहे असं समजा. पूर्वी ती खोली तापत होती, तेव्हा मधल्या काळात कोणी फरशीत खिळा, दाराचा अडसर किंवा जड सामानाचा बोल्ट बसवला का ते आठवा. सिस्टीमचा दाबही पडत असेल तर संशय आणखी पक्का. गार पडलेल्या फरशीवर गरम पाणी सोडून पहिल्या अर्ध्या तासात थर्मल कॅमेऱ्याने पाहिलं की पाइपाची रेघ एखाद्या जागी तुटलेली दिसते. तेवढीच फरशी उचलून तिथला तुकडा बदलता येतो, सगळी खोली खोदायला कोणी सांगितलं तर आधी हा फोटो मागा.